एक मेसेज, चार पिढ्या : फॅमिली ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा नेमक्या कशा लिहायच्या?

दिवाळी तोंडावर आली की फॅमिली ग्रुपचं चित्र ठरलेलं असतं. पहाटे पाचपासून पणत्यांचे फोटो, चमचमणारी अक्षरं आणि कुणाकडून तरी आलेली चारोळी. त्यातले बरेच मेसेज फॉरवर्ड केलेले असतात. व्हॉट्सअॅप ते लपवूही देत नाही, कारण फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर बाण दिसतो आणि तो पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आला असेल तर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी ओळही येते. आत्याला कळतं, काकांना कळतं आणि सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात.

मग कुणीतरी ठरवतं, यंदा स्वतः लिहायचं. अडचण तिथूनच सुरू होते. ग्रुपवर ऐंशी पार केलेल्या आजीपासून तिसरीतल्या भाचीपर्यंत सगळे असतात, म्हणजे मेसेज एक आणि वाचणाऱ्या पिढ्या चार. यावर उपाय आहे : मेसेज एकच ठेवायचा, पण त्यात प्रत्येक पिढीसाठी एक वेगळी छोटी ओळ लिहायची. ऐकायला सोपं वाटतं. लिहायला बसल्यावर मात्र मराठीतलं तू-तुम्ही, नात्यांची नावं आणि घरात नुकतंच झालेलं एखादं दुःख, असं सगळं एकदम समोर येतं.

हे नीट समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेऊ. घर काल्पनिक आहे, पण अशी घरं मावळात गावोगावी सापडतील.

उदाहरणातलं घर कसं आहे?

मूळ घर नाणे मावळातल्या वडिवळ्यात, धरणाच्या गावात. दिवाळीच्या सुमारास इथं भाताची कापणी आणि झोडणी चालू असते, त्यामुळे सण आणि शेतीची घाई एकदमच येतात. लिहिणारी आहे या घरातली नात. हिंजवडीत नोकरी करते, भावंडांत सगळ्यात लहान, म्हणून घरात तिला 'धाकटी' म्हणतात.

वरची पिढी म्हणजे एकटी आजी. ती वडिवळ्यातच असते.

दुसऱ्या पिढीत सात जण. शेती बघणारे थोरले चुलते तात्या आणि मोठी आई, तळेगावला दिलेली आत्या, धाकटीचे पप्पा आणि आई, आणि सगळ्यात लहान काका-काकू. आत्याचे यजमान गेल्या आषाढात वारले.

तिसऱ्या पिढीत धाकटी सोडून पाच जण : तात्यांचा मुलगा म्हणजे दादा, त्याची बायको म्हणजे वहिनी, चुलत बहीण ताई, तिचे यजमान म्हणजे दाजी, आणि आत्याचा मुलगा, ज्याला सगळे 'भाऊ' म्हणतात.

चौथ्या पिढीत तिघं. दादाचा अकरावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि ताईची तिसरीतली मुलगी.

धाकटी धरून ही १७ माणसं. ग्रुपवर मात्र १३ आहेत. आजीकडे फोन नाही, तात्यांकडे बटणांचा साधा फोन आहे आणि दोन्ही लहान मुली आईच्या फोनवर वाचतात. हा हिशेब आधी करून ठेवायला हवा, कारण मेसेज लिहिताना ग्रुपमधल्या सदस्यांची यादी पाहिली तर आजी आणि तात्याच त्यातून सुटतात. यादी करताना डोळ्यांसमोर ग्रुप नको, घरं हवीत. वडिवळ्याचं घर, मग तळेगावचं, मग पुण्याचं, असं एकेका दारातून आत जात माणसं मोजली की कुणी राहत नाही.

'तुम्हा सर्वांना हार्दिक शुभेच्छा' यात चूक काय?

चूक काही नाही, पण ते वाक्य बँकेच्या मेसेजसारखं होतं. घरातल्या माणसाला वेगळं काही सांगायला गेलो की मराठी लगेच प्रश्न विचारते : समोरचा 'तू' आहे की 'तुम्ही'?

या घरात आजी आणि आई 'तू' आहेत, तात्या आणि पप्पा 'तुम्ही'. आत्या 'तू', पण तिचे यजमान होते ते 'तुम्ही'. दादा आणि ताई 'तू', वहिनी आणि दाजी 'तुम्ही'. म्हणजे एकाच पिढीतल्या, जवळपास एकाच वयाच्या माणसांसाठी दोन वेगळी क्रियापदं लागतात. 'दादा, वहिनी, लवकर ये' म्हटलं तर वहिनींना खटकेल, 'लवकर या' म्हटलं तर दादा विचारेल, आज मी एवढा मोठा कधी झालो?

दुसरी गोष्ट शुभेच्छेच्या दिशेची. मराठी घरात लहान माणूस मोठ्याला आशीर्वाद देत नाही, नमस्कार करतो, आणि आशीर्वाद वरून खाली येतो. 'आजी, सुखी राहा, खूप प्रगती कर' हे वाक्य व्याकरणात बरोबर आहे, तरी कानाला उलटं लागतं. फॉरवर्ड होणाऱ्या बहुतेक शुभेच्छा 'तुमच्या आयुष्यात भरभराट होवो' अशा घाटाच्या असतात. त्या मित्राला चालतात. आजीच्या ओळीत मात्र 'पाया पडते' एवढंच पुरतं, बाकीचं ती देते.

जुन्या पत्रात हे कसं करायचे?

ही अडचण व्हॉट्सअॅपने आणलेली नाही. एक पोस्टकार्ड घरातल्या दहा माणसांत वाचलं जायचं, तेव्हाही हाच प्रश्न होता आणि त्यावर मराठी पत्रलेखनानं पक्की सोय केली होती.

आई-वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांच्या जागी असलेल्या इतर मोठ्यांना 'तीर्थस्वरूप', लहानांना 'चिरंजीव'. मोठ्यांना लिहिताना मायन्यापुढे 'शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. लहानांना 'अनेक आशीर्वाद'. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ हमखास असायची : घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

पिढ्यांनुसार वेगळ्या ओळींची कल्पना त्या शेवटच्या ओळीतच आहे. फरक इतकाच की पत्र घरातल्या कर्त्या माणसाच्या नावानं जायचं आणि बाकीचे त्या एका ओळीत गोळा व्हायचे. ग्रुपवर प्रत्येक जण आपलं नाव शोधतो. म्हणून आज 'शि. सा. न. वि. वि.' जसंच्या तसं उचललं तर ते नाटकी वाटतं, पण त्यामागचा नियम अजून उपयोगी आहे : वर नमस्कार, खाली माया, आणि बरोबरीच्यांशी साधं बोलणं.

तू आणि तुम्ही एकाच ओळीत कसे बसवायचे?

यावर मराठीतच एक सोय आहे. क्रियापद 'आपण सगळे' या अर्थानं वापरलं की तू-तुम्हीचा प्रश्न उरत नाही. 'ये' किंवा 'या' ऐवजी 'जाऊ', 'बसू', 'भेटू'. 'दादा, वहिनी, ताई, दाजी, एक संध्याकाळ धरणाकडे जाऊ' या वाक्यात कुणाचाही मान कमी होत नाही आणि कुणाला उगाच वर चढवलंही जात नाही.

दुसरी वाट म्हणजे क्रियापद स्वतःकडे घेणं. 'फराळ घेऊन या' ऐवजी 'फराळ मी आणते'. इथं समोरच्यासाठी क्रियापदच नाही. सात जणांच्या दुसऱ्या पिढीसाठी, जिथं आई 'तू' आणि तात्या 'तुम्ही' आहेत, या दोनच वाटा सुरक्षित आहेत.

लहानांच्या ओळीत हा त्रास नसतो. दोघी-तिघींना मिळून 'टाका', 'सांगा' म्हणता येतं, कारण तो अनेकवचनाचा 'तुम्ही' असतो.

नात्याचं नाव कुणाच्या बाजूनं लिहायचं?

आत्या ही धाकटीची आत्या. आईची ती नणंद, दादाच्या मुलांची ती आजीच्या नात्यातली. मेसेज एकीचा असेल तर नात्याचं नावही तिच्याच बाजूनं हवं. धाकटीनं लिहिलं म्हणून 'आत्या', एवढं साधं ठेवावं.

गोंधळ होतो तो जोडीनं सही केल्यावर. नवरा-बायकोच्या नावानं एकच मेसेज गेला तर त्याची 'काकू' ही तिची चुलत सासू असते, त्याची 'ताई' तिची नणंद. अशा वेळी एकानंच लिहिलेलं बरं, किंवा सगळ्या घरानं वापरायची जी नावं असतात, तात्या, मोठी आई, अण्णा, अक्का, ती वापरावीत. ती नावं नात्यापेक्षा माणसाला चिकटलेली असतात.

वाचून दाखवल्या जाणाऱ्या ओळीत हा मुद्दा आणखी वेगळा होतो. आजीला तिची ओळ अकरावीतला पणतू वाचून दाखवणार. तो म्हणेल, 'आजी, पाया पडते'. आवाज पोराचा आणि क्रियापद पोरीचं. आजी विचारणार, कोण पाया पडतंय? म्हणून आजीच्या ओळीत नाव आतच हवं : 'आजी, धाकटी पाया पडते'. अशा ओळीत संक्षेप, इमोजी, इंग्रजी अक्षरं काही नको. मोठ्यानं म्हणून बघावं, अडखळलं तर बदलावं.

ज्या घरात यंदा दिवाळी नाही, त्यांचं काय?

या मेसेजमधली सगळ्यात नाजूक जागा हीच. अनेक घरांत माणूस गेल्यावर वर्षश्राद्ध होईपर्यंत सण करत नाहीत. घरात फराळ होत नाही, शेजारी किंवा नातेवाईक आणून देतात. आत्याच्या घरी यंदा तसंच आहे. ग्रुपवर मात्र 'ही दिवाळी तुमच्या आयुष्यात प्रकाश घेऊन येवो' असं येत राहतं आणि ते तिच्याही फोनवर वाजतं.

धाकटीचा पहिला मसुदा असा होता :

पहिली ओळ : 'सर्वांना आनंदी आणि मंगलमय दिवाळी.' दुसऱ्या पिढीला : 'तात्या-मोठी आई, पप्पा-आई, काका-काकू, तुम्हा जोड्यांना पाडव्याच्या शुभेच्छा. आत्या, स्वतःला एकटी समजू नकोस, आम्ही आहोत.' भावंडांना : 'फटाके, पत्ते, रात्रभर दंगा!'

यातला प्रत्येक शब्द मायेनं लिहिलेला आहे, तरी तीन ठिकाणी लागतं. पाडवा हा नवरा-बायकोचा दिवस. जोड्या मोजत गेलं की जिची जोडी मोडली तीच उरते. दुसरं, आत्यासाठी वेगळं वाक्य लिहिल्यानं तेरा जणांच्या समोर तिचं दुःख पुन्हा मांडलं जातं आणि तिला त्यावर सगळ्यांसमोर काहीतरी उत्तर द्यावं लागतं. तिसरं पटकन दिसत नाही : भावाचे वडील गेलेत. 'रात्रभर दंगा' या ओळीत त्याला जागाच नाही.

दुरुस्ती करताना मजकूर वाढवावा लागत नाही, उलट कमी होतो. पहिल्या ओळीतून 'आनंदी' आणि 'मंगलमय' काढायचं, फक्त 'दिवाळीच्या निमित्तानं' ठेवायचं. पाडव्याचा उल्लेख गाळायचा. आत्याचं नाव वेगळं न काढता वयाच्या क्रमानं, तात्या आणि मोठी आईच्या नंतर, सगळ्यांच्या ओळीत घ्यायचं. आणि ओळीतलं बोलणं सणाचं न ठेवता घराचं ठेवायचं. 'भात घरात आलं की सगळे एकाच पंगतीला बसू' हे आत्यालाही म्हणता येतं, कारण भात यायला दिवाळी करावी लागत नाही. भावंडांच्या ओळीत पत्त्यांऐवजी धरणाकडची चक्कर. भाऊ आला तर येईल, नाही आला तरी त्याला सण टाळल्यासारखं होणार नाही.

'भाऊबीजेला तात्या आणि पप्पा तळेगावला येतील' असं लिहायचा मोहही होतो. ते मोठ्यांनी अजून ठरवलेलं नसेल तर लिहू नये. शुभेच्छेच्या ओळीत दिलेला शब्द ग्रुपवर सगळ्यांच्या साक्षीनं दिलेला असतो.

आत्यासाठीचं जे खरं बोलणं आहे, ते फोनवर, आणि मेसेज टाकण्याच्या आधी. आदल्या संध्याकाळी पाच मिनिटं बोललं की सकाळी ग्रुपवरचा मेसेज तिला अनपेक्षित राहत नाही. या क्रमात उलटापालट झाली, म्हणजे आधी मेसेज आणि मग फोन, तर तो फोन चूक सावरायला केल्यासारखा वाटतो.

नावापुढे 'सौ.' लावायचं का?

लग्नपत्रिकेच्या सवयीनं काही जण मेसेजमध्येही 'सौ. काकू', 'सौ. वहिनी' लिहितात. तसं केलं की आत्याच्या नावापुढे काय, हा प्रश्न आपोआप येतो. रिकामी जागाही बोलते आणि 'गं. भा.' तर त्याहून जास्त बोलतं.

हा विषय राज्यात जाहीरपणे गाजलेला आहे. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवा महिलांच्या नावापुढे 'गंगा भागीरथी' हे संबोधन लावण्याच्या प्रस्तावावर चर्चा करण्याची सूचना आपल्या विभागाला केली होती. त्यावर मोठी टीका झाली. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा, असं राज्य सरकारनं परिपत्रकातून सांगितलं होतं.

फॅमिली ग्रुपवर उत्तर सोपं आहे. 'काकू', 'वहिनी', 'आत्या' ही हाकच आहे, तिच्यापुढे काही लागत नाही. कुणालाच काही लावलं नाही की कुणाचं काही राहिलं असं होत नाही.

अकरावीतला मुलगा कोणत्या ओळीत?

पिढी आणि वय नेहमी जुळत नाहीत. अकरावीतला पुतण्या नात्यानं पोरांच्या ओळीत बसतो, पण 'पोरांनो, किल्ला झाला का?' हे त्याला तिसरीतल्या मुलीबरोबर विचारलं तर तो ग्रुप म्यूट करेल. त्याला मोठ्यांच्या ओळीत घातलं तर दादा-वहिनींसमोर तो अवघडेल.

अशा मधल्या वयाच्या माणसाला शुभेच्छेऐवजी काम द्यावं. तो वडिवळ्याच्या घरात राहतो, फोन त्याच्याकडे आहे, म्हणून आजीची ओळ वाचून दाखवायचं काम त्याचं. त्यानं मेसेजची खालची पिढी आणि वरची पिढी जोडली जाते आणि आजीपर्यंत मेसेज पोचल्याची खात्रीही होते.

मुलींच्या ओळीत प्रश्न हवा, कारण मुलं शुभेच्छेला उत्तर देत नाहीत, प्रश्नाला देतात. लोहगड-विसापूरच्या मुलखात किल्ल्याचा विषय काढला की फोटो येणारच.

फोनवर तो दिसतो कसा?

मेसेज वाचला जाण्याआधी त्याची पहिली ओळ नोटिफिकेशनमध्ये आणि चॅटच्या यादीत दिसते. अनेक जण तेवढीच पाहतात. म्हणून पहिली ओळ सगळ्यांची हवी. ती थेट 'आजी' पासून सुरू झाली तर दाजींना वाटेल हा मेसेज आपला नाही.

मेसेज फार लांबला तर व्हॉट्सअॅप तो दुमडतं आणि खाली 'अधिक वाचा' येतं. ज्यांची ओळ शेवटी आहे ती मुलं त्या पडद्याआड जातात. प्रत्येक पिढीला जास्तीत जास्त दोन छोटी वाक्यं आणि दोन पिढ्यांमध्ये एक रिकामी ओळ, एवढ्यानं काम होतं. रिकामी ओळ वाचणाऱ्याला आपली जागा लगेच दाखवते.

हाक ठळक करायची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना चांदणी द्यावी. चांदणी आणि अक्षर यांच्यात जागा सोडली तर शब्द ठळक होत नाही, नुसत्या चांदण्या दिसतात. तिरक्या अक्षरांच्या नादी लागू नये. देवनागरी तिरकी केली की मोठ्यांना वाचायला त्रास होतो.

तात्यांच्या साध्या फोनवर काय पाठवायचं?

तात्यांना साधा एसएमएस जाणार आणि तिथं जागा कमी असते. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय फोन मोजतो ते आपण मोजतो तसं नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं तो वेगळं धरतो. 'लक्ष्मी' आपल्याला दोन अक्षरं वाटतात, फोन त्याची सात मोजतो : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी.

'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की २७ जागा गेल्या. म्हणून तात्यांसाठी त्यांना उपयोगी पडेल अशी ओळ :

```
तात्या, नमस्कार. लक्ष्मीपूजनाला संध्याकाळच्या लोकलने कामशेतला उतरते.
```

फोनच्या हिशेबानं ही ६८ होते, म्हणजे एका एसएमएसमध्ये बसते. यात एक इमोजी घातला तर त्याच्या दोन जागा धरून बरोबर ७०, त्यापुढे एक टिंबही मावणार नाही. ७० ओलांडलं की मेसेजचे दोन तुकडे होतात, प्रत्येकात ६७ जागा, आणि पैसे दोन मेसेजचे. तुकडे फोनवर जोडून दिसतात, पण जुन्या हँडसेटवर ते सुटे किंवा मागेपुढे आले तर अर्थ लागत नाही.

तात्यांना एसएमएस गेला तरी ग्रुपवरच्या ओळीत त्यांचं नाव राहू द्यावं. ते वाचणार नाहीत, पण मोठी आई वाचेल आणि सांगेल.

मेसेज चुकला हे कसं कळतं?

उत्तरांवरून कळतं. एखाद्या पिढीकडून फक्त अंगठा आला आणि दुसऱ्या पिढीकडून बोलणं आलं, तर पहिल्यांची ओळ कोरडी झाली असं समजावं. कुणी ग्रुपवर न लिहिता वैयक्तिक मेसेज केला तर बहुधा काहीतरी राहिलंय किंवा लागलंय. जी व्यक्ती एरवी लगेच उत्तर देते ती दिवसभर गप्प राहिली तर वाट न बघता फोन करावा.

नाव राहिल्याचं लक्षात आलं तर पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, 'एडिट केलेला' अशी खूण तेवढी दिसते. ती वेळ गेली असेल तर मेसेज डिलीट करून नवा टाकू नये. डिलीट केल्याची ओळ ग्रुपवर राहते आणि आधी काय लिहिलं होतं, याचीच चर्चा होते. त्यापेक्षा खाली एक साधी ओळ लिहावी : 'भाऊ, तुझं नाव वरच्या ओळीत राहिलं, धरणाकडे तूही आहेस.' कारणं देऊ नयेत.

शेवटी मेसेज असा झाला

आदल्या संध्याकाळी धाकटीनं आत्याला फोन केला. सकाळी तात्यांना एसएमएस पाठवला आणि मग ग्रुपवर हे टाकलं :

```
आपल्या वडिवळ्याच्या घरातल्या
सगळ्यांसाठी, दिवाळीच्या निमित्तानं.

*आजी,* धाकटी पाया पडते.
लक्ष्मीपूजनाला येतेय, तुझ्याजवळच बसणार.

*तात्या, मोठी आई, आत्या, पप्पा, आई,*
*काका, काकू,* नमस्कार. भात घरात आलं
की सगळे एकाच पंगतीला बसू.

*दादा, वहिनी, ताई, दाजी, भाऊ,*
सुट्टीत एक संध्याकाळ धरणाकडे जाऊ.

*पोरींनो,* किल्ला कुठवर आला?
मावळे मी आणते. आणि अकरावीवाल्या,
आजीची ओळ तिला तू वाचून दाखव.

- धाकटी
```

यात 'हार्दिक' नाही, 'शुभेच्छा' हा शब्दसुद्धा नाही. तरी १६ माणसांपैकी प्रत्येकाला आपली जागा सापडते. 'येतेय' आणि 'आणते' म्हटलंय म्हणून मात्र लक्ष्मीपूजनाला पोचावं लागेल, आणि पिशवीत मावळेही हवेत.